शजरा : वाक्यांतून तक्त्याकडे

घराण्याचा शजरा बहुतेक घरांत कागदावर नसतो. तो बोलण्यात असतो. दादी सांगते, नाना सांगतात, एखाद्या लग्नात भेटलेली दूरची फूफी सांगते. कुणी उत्साही माणूस ते ऐकून वहीत उतरवून घेतो, पण जसे ऐकले तसेच, वाक्यांत. मग वर्षांनी ती वही हातात आली की एकेक वाक्य कळते आणि सगळे मिळून काहीच कळत नाही. कोण कुणाचा मुलगा, कोण आधी वारला, दुसरी बीबी कुठली, हे सगळे त्यातच असते, पण शोधून काढावे लागते. या वेळी आपण ते शोधणेच करून पाहू. वाक्यांत सांगितलेला शजरा घ्यायचा आणि त्याचा पिढीवार तक्ता तयार करायचा.

सरावासाठी कुणाच्या घरचा शजरा घेण्याऐवजी आपण भोपाळचे नवाब घराणे घेऊ. त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे या घराण्याच्या तारखा छापील पुस्तकांत मिळतात, त्यामुळे आपला तक्ता बरोबर आला की चूक, हे तपासता येते. दुसरे म्हणजे इथे चार पिढ्या बेगमांनी राज्य केले. आपले जुने शजरे बापाकडून मुलाकडे उतरत जातात. ती पद्धत इथे तिसऱ्याच पिढीत अडते आणि नीट विचार करावा लागतो.

घरातला एखादा जाणता माणूस सांगेल तसा हा मजकूर आम्ही लिहिला आहे. मुद्दाम जसाच्या तसा ठेवला आहे.

“वजीर मुहम्मद खान १८१६ साली वारले. त्यांचे मुलगे अमीर मुहम्मद आणि नजर मुहम्मद. नजर मुहम्मद गादीवर आले, पण १८१९ च्या नोव्हेंबरात गोळी लागून गेले. तेव्हा त्यांच्या बेगम कुदसिया, म्हणजे गौस मुहम्मद खानांची मुलगी, अठरा वर्षांच्या होत्या आणि सिकंदर पंधरा महिन्यांची. १८३५ मध्ये अमीर मुहम्मदांचे चिरंजीव जहांगीर मुहम्मद यांच्याशी निकाह झाला. ते १८४४ मध्ये वारले. त्यांच्यानंतर गादी शाहजहांला, मग सिकंदरला, मग पुन्हा शाहजहांला. शाहजहां बेगमचे पती नवाब सिद्दीक हसन खान मोठे आलिम. मुलगी सुलतान जहां १९०१ मध्ये गादीवर आली. तिचे दोन मोठे मुलगे तिच्या डोळ्यांदेखत गेले आणि धाकटे हमीदुल्ला नवाब झाले. त्यांच्या मुली आबिदा, साजिदा आणि राबिया. क्रिकेटवाले मन्सूर अली खान पतौडी साजिदाचे, आणि शहरयार खान आबिदाचे.”

आता पेन उचलण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी. तक्त्यात प्रत्येक माणूस एकदाच येईल आणि त्याला एक क्रमांक मिळेल. क्रमांकाचा पहिला आकडा पिढीचा आणि दुसरा त्या पिढीतल्या जागेचा. ३-१ म्हणजे तिसऱ्या पिढीतली पहिली व्यक्ती. बाहेरच्या घराण्यातून निकाह करून आलेल्या जोडीदाराला त्याच्या साथीदाराचाच क्रमांक द्यावा आणि पुढे अक्षर लावावे, उदाहरणार्थ ४-१क. दुसरा निकाह असेल तर ४-१ख. नाव कितीही वेळा येऊ दे, क्रमांक बदलत नाही. एकाच घरात आजोबा आणि नातू दोघेही अब्दुल रहमान असतात, तेव्हा या क्रमांकानेच ते वेगळे राहतात.

पहिले काम वाक्ये फोडण्याचे. एका ओळीत एकच गोष्ट राहील अशा बेताने मजकूर पुन्हा लिहावा. “नजर हा वजीरचा मुलगा.” “कुदसिया ही गौसची मुलगी.” “कुदसिया ही नजरची बीबी.” “जहांगीर हा अमीरचा मुलगा.” हे काम कंटाळवाणे वाटते, पण ओळी फोडताना एक फायदा लगेच मिळतो. जी गोष्ट मजकुरात सांगितलेलीच नाही ती उघडी पडते. वरच्या मजकुरात “सिकंदर पंधरा महिन्यांची” असे आहे, पण सिकंदर कुणाची मुलगी ते स्पष्ट म्हटलेले नाही. पुढे निकाह झाला असे आहे, कुणाचा ते नाही. शाहजहां कुणाची मुलगी हे तर कुठेच नाही. ऐकणाऱ्याला हे सगळे माहीत असेल असे धरून सांगणारा बोलतो. अशा प्रत्येक ठिकाणी प्रश्नचिन्ह टाकावे आणि ते मिटवल्याशिवाय पुढे जाऊ नये. सिकंदर ही नजर मुहम्मद आणि कुदसिया यांची मुलगी, निकाह तिचाच, आणि शाहजहां ही तिची आणि जहांगीर मुहम्मद यांची मुलगी, हे पुस्तकांतून पक्के होते.

इथेच नावांचाही विचार करावा. सिकंदर, शाहजहां आणि सुलतान जहां ही तिन्ही नावे नवख्या माणसाला पुरुषांची वाटतील आणि तो आई-मुलीला बाप-लेक करून मोकळा होईल. आपल्याकडेही नसीम, शमीम, अख्तर अशी नावे मुलामुलींना सारखीच ठेवतात. म्हणून नावापुढे पु. किंवा स्त्री. असे अक्षर लिहून ठेवावे. तसेच मूळ नाव आणि प्रसिद्ध नाव वेगळे असेल तर दोन्ही घ्यावीत. कुदसिया बेगमचे मूळ नाव गौहर होते. एका कागदात गौहर आणि दुसऱ्यात कुदसिया सापडली, तर शजरा लिहिणारा तिला दोन बायका समजू शकतो. घरातही हेच होते. शाळेच्या दाखल्यावर खैरुन्निसा, घरी बिब्बो आणि सासरच्या कागदांत आणखी तिसरेच नाव.

दुसरे काम पिढी ठरवण्याचे, आणि चुका सर्वांत जास्त इथेच होतात. पिढी वयावरून ठरवायची नाही, गादीच्या क्रमावरूनही नाही आणि मजकुरात कोण आधी आले त्यावरूनही नाही. पिढी ठरते ती फक्त आईबापावरून. आई किंवा बाप यांची जी पिढी, त्यात एक मिळवायचा. भोपाळचेच पाहा. जहांगीर मुहम्मद १८४४ मध्ये वारल्यावर लहानग्या शाहजहांच्या नावाने गादी ठरली आणि कारभार आई सिकंदरने पाहिला. पुढे १८६० मध्ये सिकंदर स्वतः राज्यकर्ती झाली. १८६८ मध्ये तिच्या इंतकालानंतर शाहजहां पुन्हा गादीवर आली. म्हणजे राज्यकर्त्यांची यादी जशीच्या तशी उतरवली तर मुलगी वर आणि आई खाली येते. घरच्या शजऱ्यात गादी नसते, पण घरावर नाव कुणाचे लागले, दुकान कुणी चालवले, सात-बारावर नाव कधी चढले, या क्रमाने सांगणारी माणसे असतातच. धाकट्या भावाचे नाव आधी लागले म्हणून तो वरच्या पिढीत जात नाही.

जहांगीर मुहम्मद यांच्यापाशी आणखी एक अडचण येते. ते सिकंदरचे पती आहेत, म्हणून ३-१क लिहावेसे वाटते. पण ते बाहेरचे नाहीत. ते अमीर मुहम्मदांचे मुलगे, म्हणजे वजीर मुहम्मदांचेच नातू. जन्माने जो शजऱ्यात आहे त्याला त्याचा स्वतःचा क्रमांक द्यायचा आणि जोडीदाराच्या रकान्यात फक्त तो क्रमांक लिहायचा. म्हणून ते ३-२. काढलेल्या झाडात अशा निकाहाच्या वेळी एकच माणूस दोन फांद्यांवर लिहावा लागतो आणि पुढे कुणीतरी त्याला दोन माणसे समजते. आपल्या समाजात चुलत आणि मावस नात्यांत निकाह होत आले आहेत, त्यामुळे फांद्यांच्या चित्रापेक्षा क्रमांकांचा तक्ता आपल्या घरांना जास्त सोयीचा पडतो.

आता तक्ता. वडील आणि आई यांच्या रकान्यांत नावे नाहीत, क्रमांक आहेत. तारीख सापडली नाही तिथे आडवी रेघ आहे आणि अंदाजाची असेल तिथे “सु.” आहे. बालपणी किंवा तरुणपणी वारलेली काही अपत्ये जागेअभावी इथे घेतलेली नाहीत. घरच्या तक्त्यात मात्र ती घ्यावीतच.

| क्र. | नाव | वडील | आई | जोडीदार | जन्म | इंतकाल |
|---|---|---|---|---|---|---|
| १-१ | वजीर मुहम्मद खान (पु.) | — | — | — | — | १८१६ |
| १-२ | गौस मुहम्मद खान (पु.) | — | — | — | — | — |
| २-१ | अमीर मुहम्मद खान (पु.) | १-१ | — | — | — | — |
| २-२ | नजर मुहम्मद खान (पु.) | १-१ | — | २-३ | — | १८१९ |
| २-३ | कुदसिया (गौहर) बेगम (स्त्री.) | १-२ | — | २-२ | सु. १८०१ | १८८१ |
| ३-१ | सिकंदर बेगम (स्त्री.) | २-२ | २-३ | ३-२, निकाह १८३५ | १८१७ किंवा १८१८ | १८६८ |
| ३-२ | जहांगीर मुहम्मद खान (पु.) | २-१ | — | ३-१ | — | १८४४ |
| ४-१ | शाहजहां बेगम (स्त्री.) | ३-२ | ३-१ | ४-१क, ४-१ख | १८३८ | १९०१ |
| ४-१क | बाकी मुहम्मद खान (पु.) | — | — | ४-१, निकाह १८५५ | — | १८६७ |
| ४-१ख | सिद्दीक हसन खान (पु.) | — | — | ४-१, निकाह १८७१ | — | १८९० |
| ५-१ | सुलतान जहां बेगम (स्त्री.) | ४-१क | ४-१ | ५-१क, निकाह १८७४ | १८५८ | १९३० |
| ५-१क | अहमद अली खान (पु.) | — | — | ५-१ | — | १९०२ |
| ६-१ | नसरुल्ला खान (पु.) | ५-१क | ५-१ | — | १८७६ | १९२४ |
| ६-२ | उबैदुल्ला खान (पु.) | ५-१क | ५-१ | — | १८७८ | १९२४ |
| ६-३ | हमीदुल्ला खान (पु.) | ५-१क | ५-१ | ६-३क | १८९४ | १९६० |
| ६-३क | मैमूना सुलतान (स्त्री.) | — | — | ६-३ | — | — |
| ७-१ | हबीबुल्ला खान (पु.) | ६-१ | — | — | — | — |
| ७-२ | आबिदा सुलतान (स्त्री.) | ६-३ | ६-३क | ७-२क | १९१३ | २००२ |
| ७-२क | सरवर अली खान, कुरवाई (पु.) | — | — | ७-२ | — | — |
| ७-३ | साजिदा सुलतान (स्त्री.) | ६-३ | ६-३क | ७-३क, निकाह १९३९ | १९१५ | १९९५ |
| ७-३क | इफ्तिखार अली खान, पतौडी (पु.) | — | — | ७-३ | १९१० | १९५२ |
| ७-४ | राबिया सुलतान (स्त्री.) | ६-३ | ६-३क | — | — | — |
| ८-१ | शहरयार खान (पु.) | ७-२क | ७-२ | — | १९३४ | २०२४ |
| ८-२ | मन्सूर अली खान पतौडी (पु.) | ७-३क | ७-३ | — | १९४१ | २०११ |

तक्ता भरला म्हणजे काम संपले नाही. आता तो तपासायचा. तपासणीसाठी तारखा लागतात, आणि शजऱ्यात तारखा कशासाठी घ्यायच्या याचे खरे उत्तर इथे मिळते.

आधी सुलतान जहां यांचे वडील पाहा. मूळ मजकुरात शाहजहां बेगमचे पती म्हणून फक्त सिद्दीक हसन खान यांचे नाव आहे आणि लगेच पुढच्या वाक्यात “मुलगी सुलतान जहां”. कुणीही वाचणारा सिद्दीक हसन खान यांना सुलतान जहां यांचे वडील करील. पण तक्त्यात निकाहाचे वर्ष १८७१ आणि मुलीचा जन्म १८५८. मुलगी निकाहाच्या तेरा वर्षे आधीची, म्हणजे वडील दुसरे कुणीतरी असले पाहिजेत. शोधल्यावर पहिले पती बाकी मुहम्मद खान सापडतात. त्यांचा निकाह १८५५ चा आणि ते १८६७ मध्ये वारले. सांगणाऱ्याने खोटे काही सांगितले नव्हते. तो फक्त जास्त नावाजलेल्या पतीबद्दल बोलला. घराघरांतही असेच असते. पहिली बीबी बाळंतपणात गेलेली असते, दुसरीने सगळी मुले वाढवलेली असतात, आणि मुले तिलाच अम्मी म्हणतात. पन्नास वर्षांनी सगळी तिचीच मुले म्हणून सांगितली जातात. निकाहाचे वर्ष आणि थोरल्या मुलाचे जन्मवर्ष शेजारी ठेवले की हे लक्षात येते.

दुसरी तपासणी वयांची. आई आणि अपत्य यांच्या वयात साधारण पंधरा ते पंचेचाळीस वर्षांचे अंतर असावे. अंतर त्याहून कमी आले तर ती सावत्र आई असेल किंवा मधे तारीख चुकली असेल. अंतर साठ-सत्तर वर्षांचे आले तर बहुधा मधली एक पिढी गळाली आहे. आपल्या तक्त्यात शाहजहां आणि सुलतान जहां यांच्यात २० वर्षांचे अंतर आहे, सुलतान जहां आणि हमीदुल्ला यांच्यात ३६ वर्षांचे. दोन्ही ठीक. याच हिशेबाने थोरले नसरुल्ला आणि धाकटे हमीदुल्ला हे भाऊ १८ वर्षांच्या अंतराचे निघतात. अशा घरांत काका-पुतणे जवळजवळ एका वयाचे असू शकतात. म्हणून वयावरून पिढी ठरवू नये असे वर म्हटले.

सिकंदर बेगमच्या जन्माचे वर्ष आम्ही “१८१७ किंवा १८१८” असे ठेवले आहे, त्याचेही कारण सांगतो. वडील १८१९ च्या नोव्हेंबरात वारले तेव्हा ती पंधरा महिन्यांची होती असे काही ठिकाणी सांगतात. त्यावरून जन्म १८१८ च्या ऑगस्टच्या आसपासचा येतो. दुसरीकडे ती दोन वर्षांची होती असे सांगतात, त्यावरून १८१७ येतो. दोन्ही वाक्ये समोर असताना एक पुसून दुसरे ठेवू नये. दोन्ही वर्षे लिहावीत आणि मागे कुणाचे सांगणे आहे ते नोंदवावे. पुढे कधी जन्माची नोंद मिळाली तर निकाल लागेल. आज आपल्या मनाने एक वर्ष निवडले तर पुढच्या माणसाला शंका होती हेच कळणार नाही.

जुन्या कबरीवरचे किंवा निकाहनाम्यावरचे साल हिजरी असेल तर ते बदलून घ्यावे. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून ३३ हिजरी वर्षांत सुमारे ३२ इसवी वर्षे बसतात. रीत सोपी आहे. हिजरी सालाला ३३ ने भागावे, आलेला आकडा त्या सालातून वजा करावा आणि ६२२ मिळवावेत. १२८५ घेऊन पाहा. ३३ ने भागल्यावर सुमारे ३९. १२८५ मधून ३९ गेले, राहिले १२४६. त्यात ६२२ मिळवले की १८६८. हिजरी १२८५ हे वर्ष एप्रिल १८६८ ते एप्रिल १८६९ असे होते. या रीतीत एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, म्हणून महिना माहीत असेल तर तोही लिहावा आणि मूळ हिजरी साल कधीही खोडू नये. मराठवाड्यातल्या जुन्या निजामी कागदांवर फसली साल असते. त्यात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास येतो. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. हिजरी समजून या फसलीचा हिशेब केला तर नऊ-दहा वर्षांची चूक होते आणि बाप-लेक भाऊ-भाऊ दिसू लागतात.

आता सर्वांत महत्त्वाचा रकाना, इंतकालाचा. घरच्या शजऱ्यात हाच सर्वांत ओसाड असतो. आपण धरून चालतो की आधी आई जाते, मग मुलगी. भोपाळला उलटे झाले. सिकंदर बेगम १८६८ मध्ये वारली आणि तिची आई कुदसिया त्यानंतर तेरा वर्षे हयात होती. १८७६ साली पणतीला मुलगा झाला तेव्हाही कुदसिया होती, फक्त मधली तिसरी पिढी नव्हती. कुणी अंदाजाने “कुदसिया बेगम, इंतकाल १८६८ पूर्वी” असे लिहिले असते तर ते सहज पटले असते आणि साफ चूक ठरले असते.

हा क्रम इतका महत्त्वाचा का, ते सहाव्या पिढीत कळते. सुलतान जहां बेगमचे दोन्ही थोरले मुलगे, नसरुल्ला आणि उबैदुल्ला, १९२४ साली, आई हयात असताना वारले. मागे राहिला धाकटा मुलगा हमीदुल्ला आणि थोरल्याचा मुलगा हबीबुल्ला. प्रश्न उभा राहिला, वारस कोण? थोरल्या शाखेचा नातू की हयात असलेला मुलगा? बेगमसाहेबांनी १९२५ मध्ये विलायतेला जाऊन हयात मुलाची बाजू मांडली. ती मान्य झाली आणि १९२६ मध्ये त्यांनी हमीदुल्लांसाठी गादी सोडली. तक्त्यात पाहा. ६-१ चा इंतकाल १९२४ आणि ५-१ चा १९३०. सगळा वाद या दोन आकड्यांच्या क्रमात आहे. नसरुल्ला आईनंतर वारले असते तर प्रश्नच वेगळा झाला असता.

गादीचा प्रश्न आणि घरच्या मालमत्तेची वाटणी या वेगळ्या गोष्टी आहेत. पण वाटणीतही नियम याच जागी येऊन थांबतो. माणूस ज्या क्षणी वारतो त्या क्षणी जे नातेवाईक हयात असतात तेच त्याचे वारस. मुलगा बापाच्या आधी वारला असेल आणि दुसरा मुलगा हयात असेल, तर हनफी नियमाप्रमाणे आधी वारलेल्या मुलाची मुले आजोबांची वारस ठरत नाहीत. त्यांच्यासाठी आजोबा हयातीत देऊ शकतात किंवा एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत करू शकतात. उलट, तोच मुलगा बापानंतर एका महिन्याने वारला असेल, तर त्याचा हिस्सा त्याच क्षणी ठरलेला असतो आणि तो त्याच्या बीबी-मुलांकडे जातो. वाटणी वर्षानुवर्षे झाली नाही आणि मधे एकेक वारस वारत गेला तर प्रत्येक इंतकालाचा हिशेब एकावर एक रचावा लागतो. याला फिकहच्या पुस्तकांत मुनासखा म्हणतात. मुफ्तीसाहेब असोत की वकील, ते पहिल्यांदा विचारतात ते हेच, कोण आधी वारले? “दोघेही त्याच सुमारास गेले” या वाक्यावर यतीम मुलांचा हिस्सा ठरू शकत नाही. साल मिळत नसेल तर निदान क्रम तरी मिळवावा. “आजोबांच्या चाळिसाव्याला चाचा होते का?” असा प्रश्न विचारला तर म्हाताऱ्या माणसांना नेमके आठवते.

तक्ता पुरा झाला की नाते काढणे सोपे होते. दोन माणसे घ्यावीत आणि आईबापाच्या क्रमांकांवरून दोघांच्या वर चढत जावे. जिथे एकच क्रमांक भेटतो ते त्यांचे समान पूर्वज. मन्सूर अली खान यांची आई ७-३, तिचे वडील ६-३. शहरयार खान यांची आई ७-२, तिचेही वडील ६-३. म्हणून दोघे मावसभाऊ. एक हिंदुस्थानच्या क्रिकेट संघाचा कर्णधार झाला आणि दुसरा पाकिस्तानच्या क्रिकेट मंडळाचा अध्यक्ष. आईचा रकाना नसता तर हे दोघे या कागदावर आलेच नसते. एक पतौडीच्या शजऱ्यात गेला असता, दुसरा कुरवाईच्या, आणि ते भाऊ आहेत हे कागदावरून कधीच कळले नसते. आता मन्सूर आणि हबीबुल्ला पाहा. हबीबुल्लांचे वडील ६-१, साजिदाचे वडील ६-३, दोघांची आई ५-१. म्हणजे हबीबुल्ला हे साजिदाचे चुलतभाऊ आणि मन्सूरचे मामा, सख्खे नव्हेत, आईच्या चुलतभावाच्या नात्याने.

घरी हे काम करताना नात्यांच्या शब्दांकडे कान ठेवावा लागतो, कारण आपल्या घरांत दोन भाषा चालतात. उर्दूत भतीजा म्हणजे भावाचा मुलगा आणि भांजा म्हणजे बहिणीचा मुलगा, मग बोलणारा पुरुष असो की स्त्री. मराठीत पुरुष आपल्या भावाच्या मुलाला पुतण्या म्हणतो, पण स्त्री आपल्या भावाच्या मुलाला भाचा म्हणते. म्हणून दादीने मराठीत “तो माझा भाचा” म्हटले आणि लिहिणाऱ्याने ते उर्दू भांजा समजून लिहिले, तर भावाचे मूल बहिणीच्या नावावर जाते. “भाई” या शब्दात सख्खा, चुलत, मावस सगळे बसतात. “बडी अम्मी” ही ताई असेल, मोठी सावत्र आई असेल किंवा नुसती शेजारीणही असेल. म्हणून नात्याचा शब्द ऐकला की लगेच साधा प्रश्न विचारावा, “त्याच्या आईचे नाव काय आणि बापाचे काय?” तक्त्यात शब्द नाही, हे उत्तर जाते.

मागे आडव्या रेघांच्या जागा बऱ्याच राहतील. वरच्या तक्त्यातही आहेत. त्या तशाच राहू द्याव्यात. आठवणीतून उत्तर देणारी घरातली सर्वांत वयस्कर व्यक्ती कोण ते पाहावे आणि पहिली बैठक तिच्याशी घ्यावी. जाताना कोरा कागद नेऊ नये. रेघा मारलेला आणि नावे भरलेला तक्ता न्यावा. “सगळे सांगा” म्हटले की पुन्हा वाक्येच मिळतात. रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून विचारले की त्या चौकोनाचे उत्तर मिळते. आणि विचारायला सुरुवात इंतकालाच्या रकान्यापासून करावी.